सुकवल्यावर सुधारलेली केबल: निळ्या कोअरचं रीडिंग काय सांगत होतं

पंपाच्या मोटारीला पुरवठा करणारी केबल आहे. १.१ किलोव्होल्ट दर्जाची, तीन कोअरची, ९५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची, पीव्हीसी इन्सुलेशन आणि आर्मर असलेली, १८० मीटर लांब. एक टोक कोरड्या खोलीतल्या स्टार्टर पॅनेलमध्ये आहे, दुसरं उघड्यावरच्या मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये. केबल वरच्या ट्रेवरून येऊन बॉक्समध्ये वरूनच शिरते. चार दिवस पाऊस होता आणि पंप बंद होता. पुन्हा चालू करण्याआधी पॅनेलमधून मेगर मारला, म्हणजे इन्सुलेशनचा प्रतिरोध मोजला, तर तिन्ही कोअर एकत्र धरून अर्थला रीडिंग आलं ०.२ मेगोहम.

पुढे जे झालं ते बहुतेक ठिकाणी होतं. बॉक्स उघडला, पाणी काढलं, गरम हवा दिली, रीडिंग चढलं आणि "ओल होती, गेली" असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष अर्धा बरोबर होता. उरलेला अर्धा त्याच रीडिंगमध्ये दिसत होता, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे.

आधी केबल वेगळी केली

पुरवठा तोडून कुलूप लावलं, पुरवठा खरंच गेल्याची खात्री केली आणि दोन्ही टोकांच्या लग, म्हणजे तारांच्या टोकांवरच्या धातूच्या जोडण्या, सोडवल्या. मोटार एकटी ८० मेगोहम दाखवत होती, म्हणजे तिचा दोष नव्हता. मग १००० व्होल्टवर एकेक कोअर तपासली. उरलेल्या दोन कोअर आणि आर्मर अर्थला जोडले, प्रत्येक रीडिंग पूर्ण एक मिनिटानंतर घेतलं आणि दरवेळी कोअर अर्थला टेकवून निदान तेवढाच वेळ डिस्चार्ज केली. हवा २९ अंश सेल्सिअस होती. लाल ०.९, पिवळी १.४, निळी ०.३ मेगोहम. तिन्ही समांतर धरल्या तर सुमारे ०.२ येतं, म्हणजे पहिल्या रीडिंगशी हिशेब जुळतो.

या केबलचं निरोगी रीडिंग किती असायला हवं, हे अंदाजाने ठरवायची गरज नसते. सूत्र साधं आहे:

```
R = K × log10(D/d) / L
```

L किलोमीटरमध्ये, d हा तारेचा व्यास, D हा इन्सुलेशनसकटचा व्यास. K हा पीव्हीसीचा स्थिरांक. साध्या पीव्हीसीसाठी मानकातली किमान किंमत २७ अंशांना ३६.७ आणि ७० अंशांना ०.०३७ मेगोहम-किलोमीटर आहे. इथे d साधारण ११.४ आणि D १४.६ मिलिमीटर धरला तर १८० मीटरसाठी २७ अंशांना सुमारे २२ मेगोहम येतात. ही किमान मर्यादा झाली. चांगल्या मालाचं रीडिंग याच्या दुप्पट-तिप्पट सहज असतं.

"एक मेगोहमच्या वर आहे ना, मग पास" हा सरसकट वापरला जाणारा नियम इथे कुचकामी ठरतो. ज्या केबलने चाळीसच्या पुढे दाखवायला हवं ती दीड मेगोहमला पास होत असेल, तर त्या पासला काही अर्थ नाही. पिवळी कोअर नेमकी तशीच पास झाली असती.

त्या दोन स्थिरांकांकडे पुन्हा पाहायला हवं. ४३ अंशांच्या फरकात K हजारपट घसरतो. म्हणजे पीव्हीसीचं रीडिंग दर चार-साडेचार अंशांना निम्मं होतं. मोटारीच्या वायंडिंगसाठी वापरला जाणारा "दहा अंशांना निम्मं" हा ठोकताळा पीव्हीसी केबलला लावला तर फसगत होते. नुकती बंद केलेली गरम केबल मेगर केली आणि दोन तासांनी पुन्हा केली, तर काहीही न सुकवता रीडिंग कित्येक पटींनी वाढलेलं दिसेल. ती सुधारणा नाही, थंड होणं आहे.

ओल कुठे आहे, हे सुकवण्याआधी विचारायचं

सुकवायला घेण्याआधी मेगरच्या गार्ड टर्मिनलने पाच मिनिटांचं काम करता येतं. कोअरच्या इन्सुलेशनवर, लगपासून थोडं मागे, उघड्या तांब्याच्या बारीक तारेचे दोन-तीन घट्ट वेढे घालायचे आणि ती तार गार्डला जोडायची. लगपासून पृष्ठभागावरून अर्थकडे जाणारा प्रवाह मग गार्डमधून परततो आणि मोजला जात नाही. मीटर दाखवतो तो फक्त गार्डच्या पलीकडून, इन्सुलेशनच्या जाडीतून जाणारा प्रवाह. गार्ड ज्या टोकाला बांधला त्याच टोकाची पृष्ठगळती वगळली जाते, हे लक्षात ठेवायचं. म्हणून चाचणी दोन्ही टोकांना वेगवेगळी करावी लागते. मेगर उचलून दुसऱ्या टोकाला नेणं हा सर्वात सोपा मार्ग.

पॅनेलकडच्या टोकाला गार्ड बांधला, आकडे हलले नाहीत. मोटारीकडच्या टोकाला बांधला आणि चित्र बदललं. पूर्ण नोंद अशी आहे, आकडे मेगोहममध्ये:

| तपासणी | लाल | पिवळी | निळी |
|---|---|---|---|
| सुरुवातीला, २९ अंश | ०.९ | १.४ | ०.३ |
| गार्ड पॅनेलच्या टोकाला, २९ अंश | ०.९ | १.४ | ०.३ |
| गार्ड मोटारीच्या टोकाला, २९ अंश | ३१ | ३३ | ९ |
| सुकवल्यावर लगेच, टोक गरम | २२ | २४ | ८ |
| दुसऱ्या सकाळी, २७ अंश | ४४ | ४७ | २६ |
| दोन वर्षांपूर्वीची नोंद, ३१ अंश | २५ | २६ | २५ |

तिसऱ्या ओळीत प्रकरणाचं उत्तर आलेलं होतं. मोटारीकडच्या टोकावरची ओल वगळली की लाल आणि पिवळी निरोगी दिसतात. निळीही तीसपट सुधारते, पण नऊवरच थांबते. एकाच आवरणात, एकाच तापमानाला, एकाच वेळी मोजलेल्या तीन बहिणींपैकी एक मागे राहते, तेव्हा तापमान किंवा हवेतला दमटपणा हे कारण देता येत नाही. त्या दिवशी मात्र लक्ष गेलं ते ०.३ वरून ९ झाले, याकडे. सुधारणा मोठी दिसली की उरलेली तूट नजरेआड होते.

सुकवताना आकडे आधी खाली जातात

बॉक्समधलं पाणी काढून कोअरचे पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. नुसतं कोरडं फडकं पुरत नाही. धूळ आणि क्षार मागे राहिले तर रात्रीच्या दवात तेच पुन्हा ओले होतात. त्यानंतर हॉट एअर गन तीसेक सेंटिमीटरवर धरून, पृष्ठभागाचं तापमान ५५ अंशांच्या वर जाऊ न देता दोन तास हवा दिली. हे पीव्हीसी ७० अंशांच्या दर्जाचं आहे. घाईत गन जवळ नेली तर इन्सुलेशन मऊ पडून वाकाच्या जागी पातळ होतं, म्हणजे सुकवताना नवा दोष तयार होतो.

पहिल्या अर्ध्या तासात निळीचं रीडिंग ०.३ वरून ०.२ वर आलं. यात घाबरण्यासारखं काही नाही. इन्सुलेशन गरम झालं, सुटलेली वाफ थंड धातूवर पुन्हा बसली, दोन्ही गोष्टींनी आकडा खालीच जातो. नंतर तो चढत गेला. दोन तासांनी लाल २२ वर होती, गार्डने दिलेल्या ३१ पेक्षा कमी. हेही तापमानाचंच काम. शेवटचा एक मीटर ५५ अंशांवर असताना, दर ४.३ अंशांना निम्मं या हिशेबाने, तो सुमारे ६६ मीटर थंड केबलइतका प्रवाह गळू देतो. १८० मीटरची केबल विद्युतदृष्ट्या जणू २४५ मीटरची झाली, आणि ३१ चे २२-२३ झाले. म्हणून सुकवल्याचा निकाल गरम असताना लावायचा नाही. रात्रभर थंड होऊ द्यायचं आणि सकाळी मोजायचं.

आता सुकवण्यातून निघणारा पहिला खरा निष्कर्ष. गरम हवा मिळाली ती एका मीटरला, उरलेल्या १७९ मीटरला नाही. तरीही लाल आणि पिवळी पूर्ण सावरल्या. याचा अर्थ त्यांची ओल त्या एका मीटरच्या पृष्ठभागावरच होती. केबलभर आत पाणी असतं तर टोक कितीही सुकवून आकडा इतका हलला नसता. काय सुकवलं हे माहीत असेल तर कुठे ओल होती हे कळतं. नुसतं "सुकवल्यावर सुधारलं" या वाक्यातून ते कळत नाही.

सव्वीस म्हणजे बरी झाली का?

दुसऱ्या सकाळी निळी २६ दाखवत होती. दोन वर्षांपूर्वीच्या कार्डावर तिच्यापुढे २५ लिहिलेलं होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "पूर्वीइतकी झाली" असा शेरा मारणं अगदी स्वाभाविक होतं, आणि चुकीचं. जुनी नोंद ३१ अंशांची आहे, नवी २७ ची. चार अंशांत रीडिंग जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे जुन्या २५ चे आजच्या तापमानाला ४७-४८ व्हायला हवेत. लाल आणि पिवळी तिथे पोचल्या आहेत, निळी निम्म्यावर आहे. कार्डावर तापमान लिहिलेलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं. तेव्हाही एक आधार उरला असता, तो म्हणजे शेजारच्या दोन कोअर. त्यांच्याशी तुलना करायला कोणतीच दुरुस्ती लागत नाही.

निळीवर पुन्हा मोटारीच्या टोकाला गार्ड बांधला. २६ चे २७ झाले, तेवढेच. म्हणजे लगजवळच्या पृष्ठभागावर आता काही उरलेलं नव्हतं. गळती गार्डच्या पलीकडे होती.

पुढची चाचणी पायऱ्यांच्या व्होल्टेजची. २५०, ५०० आणि १००० व्होल्ट, प्रत्येकी एक मिनिट, मध्ये पूर्ण डिस्चार्ज. लाल कोअरने ४५, ४५, ४४ दिले. निरोगी इन्सुलेशन असंच वागतं, व्होल्टेज चौपट केलं तरी प्रतिरोध जवळपास तोच. निळीने ४१, ३६, २६ दिले. व्होल्टेजबरोबर प्रतिरोध तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घसरतो, तेव्हा प्रवाह सगळीकडून सारखा झिरपत नसतो. कुठेतरी एक अरुंद, दमट किंवा घाण भरलेली वाट असते आणि व्होल्टेज वाढलं की ती अधिक मोकळी होते. २५० व्होल्टवर निळी जवळजवळ लालसारखीच वाटते, हे मुद्दाम पाहण्यासारखं आहे. कमी व्होल्टेजचा छोटा मेगर वापरला असता तर दोष लपून गेला असता.

दहा मिनिटांच्या आणि एका मिनिटाच्या रीडिंगचं गुणोत्तर, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स, इथे का काढला नाही असा प्रश्न येईल. तो वायंडिंगसाठी उपयोगी आहे. इतक्या छोट्या प्लॅस्टिक केबलमध्ये शोषणाचा प्रवाह पहिल्या मिनिटातच बराचसा ओसरतो. त्यामुळे निरोगी केबलचा आकडाही एकाच्या आसपास येऊ शकतो आणि विनाकारण घबराट होते.

मुद्दाम ओलं करून पाहणं

ओल गेली आणि तूट उरली, तर वाट शोधायला पाणीच वापरता येतं. ग्लँड, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथली घट्ट जोडणी, सोडून कोअर जिथे वेगळ्या होतात ती फाट्याची जागा उघडी केली. लगजवळ गार्डचे वेढे घातले. त्याच्या मागे, फाट्याभोवती, पाण्यात साबणाचे काही थेंब टाकून भिजवलेलं फडकं गुंडाळलं आणि ते आर्मरला टेकवलं. साबणामुळे पाणी बारीक भेगेत शिरतं. एक तास तसंच ठेवलं.

लाल ४३, पिवळी ४६. धड इन्सुलेशनला बाहेरून ओलं फडकं लागल्याने काही होत नाही, कारण गार्डने पृष्ठभागाची वाट बंद केलेली आहे. निळी मात्र २६ वरून ०.७ वर आली. पाणी तारेपर्यंत पोचत होतं.

भिंग लावून पाहिलं तर निळ्या कोअरच्या वाकावर, बाहेरच्या अंगाला, दोन सेंटिमीटरची आडवी भेग दिसली. तिच्या कडा काळसर होत्या. निळीची लग उघडल्यावर कारणही सापडलं. बोल्ट सोडवतानाच सैल लागला होता, ॲल्युमिनियमच्या बॅरलवर ऑक्साइड जमलेलं होतं, लगवरची स्लीव्ह तपकिरी पडली होती. लग महिनोन्‌महिने तापत होती, ती उष्णता तारेतून मागे फाट्यापर्यंत जात होती आणि पीव्हीसीमधलं प्लॅस्टिसायझर हळूहळू उडून जात होतं. त्याशिवाय पीव्हीसी कडक आणि ठिसूळ होतं, आणि जिथे वाक असतो तिथेच आधी तडकतं.

मग मेगर नेमकं काय मोजतो

ओल आणि म्हातारपण यांच्यातला गोंधळ इथे सुटतो. प्लॅस्टिसायझर गेलेलं, कडक झालेलं पण अखंड आणि कोरडं पीव्हीसी मेगरवर वाईट दिसत नाही. कित्येकदा त्याचा प्रतिरोध नव्यापेक्षा जास्तच भरतो. भेग पडली तरी ती कोरडी आणि स्वच्छ असेल तर मधली हवा उत्तम इन्सुलेटर असते. थकलेलं इन्सुलेशन मेगरला दिसतं ते त्यात पाणी शिरल्यावर. म्हणून सुकवल्यावर वाढलेला आकडा एवढंच सांगतो की पाणी होतं आणि गेलं. ते आत कसं आलं, धड पृष्ठभागावर बसलं होतं की म्हातारपणाने पडलेल्या भेगेत, हे सांगत नाही. लाल कोअर पहिल्या प्रकारातली, निळी दुसऱ्या. सुकवल्याने दोघी सुधारल्या. निळीने थोडी तूट मागे ठेवली ती केवळ भेगेत घाण आणि किंचित दमटपणा अडकून होता म्हणून. भेग स्वच्छ असती तर तीही ४५ वर गेली असती आणि पुढच्या पावसापर्यंत कोणाला पत्ता लागला नसता.

म्हातारपण मोजायचं तर इन्सुलेशन ताणून पाहावं लागतं. कापून टाकायच्या तुकड्यांची तुटेपर्यंतची लांबवाढ तपासली. नव्या पीव्हीसीला किमान १५० टक्के अपेक्षित असते आणि ५० च्या खाली गेलं की वाकवताना तडा जाण्याची भीती धरतात. निळीचा लगजवळचा तुकडा ३० टक्क्यांवर तुटला. त्याच कोअरचा ४५ सेंटिमीटर मागचा तुकडा १४० वर आणि लाल कोअर १६० वर. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर तुकडा साठ मिलिमीटर व्यासाच्या पाइपाभोवती हळू वाकवून पाहावा. आकडा मिळत नाही, पण ठिसूळ आणि धड यांतला फरक कळतो. निळीचा तुकडा पाव वेढ्यातच तडकला.

यातून केबल बदलायची की नाही, हा प्रश्नही निकालात निघाला. म्हातारपण एका तापलेल्या लगपासून अर्ध्या मीटरपर्यंतच होतं. पूर्ण केबल थकलेली असती तर ४५ सेंटिमीटर मागेही इन्सुलेशन कडक मिळालं असतं, आणि मग टोक नवं करणं म्हणजे तात्पुरतं ठिगळ ठरलं असतं.

ही मांडणी मध्यम व्होल्टेजच्या एक्सएलपीई केबलला जशीच्या तशी लावू नये. तिथे पाण्याने होणारं नुकसान, वॉटर ट्री, इन्सुलेशनच्या आत वाढतं आणि मेगरचा आकडा तरीही हजारो मेगोहम राहू शकतो. तिथे कमी फ्रिक्वेन्सीवरची टॅन डेल्टा चाचणी लागते.

दुरुस्ती आणि नंतरची रीडिंगं

ट्रेवर दीड मीटर केबल वळसा घालून ठेवलेली होती, म्हणून तिन्ही कोअर ४५ सेंटिमीटर कापता आल्या. कापलेल्या तोंडाशी तारेचे पदर चमकदार आणि कोरडे आहेत ना, हे पाहिलं. पदरांत पांढरी पूड किंवा काळी ओल दिसली असती तर पाणी तारेच्या आतून मागे चढलेलं असतं, आणि धड तार लागेपर्यंत कापत जावं लागलं असतं. बॉक्समधलं टर्मिनल तांब्याचं असल्याने बायमेटल लग घेतल्या. तार ब्रशने घासून जॉइंटिंग कंपाउंड लावलं आणि योग्य मापाच्या डायने क्रिंप केलं. फाट्यावर आतून गोंद असलेला हीट श्रिंक बूट, कोअरवर स्लीव्ह.

वरून शिरणारी ग्लँड बंद केली. ट्रेवरून केबलवर ओघळणारं पाणी तिथूनच आत येत होतं. आता केबल बाजूने शिरते, शिरण्याआधी सुमारे पंधरा सेंटिमीटर खाली झोळ घेते, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. बॉक्सच्या सर्वात खालच्या कोपऱ्यात निचऱ्याचा प्लग बसवला.

जोडणीनंतर २७ अंशांना लाल ४५, पिवळी ४७, निळी ४६ मेगोहम. निळीवर पायऱ्यांच्या व्होल्टेजला ४७, ४७, ४६. चोवीस तासांनी आणि आठ दिवसांनी आकडे तेच राहिले. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, २५ अंशांना, तिन्ही साठच्या वर होत्या. तापमानाचा हिशेब लावला तर हे पूर्वीचेच ४५-४७ आहेत. कार्डावर प्रत्येक आकड्यासमोर तापमान, व्होल्टेज आणि गार्ड होता की नाही हे लिहिलं, आणि निळीच्या लगचं तापमान पूर्ण भारावर इतर दोन लगच्या तुलनेत महिन्याने मोजायचं, अशी नोंद खाली ठेवली.